ट्रायलच्या नावाखाली बारा पाकिटं

*ताई, मी अमळनेरची. जळगावला ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा केला, दोन वर्षं एका प्रेसवर काम केलं, सध्या घरून पत्रिका आणि बॅनर करते. मामांचं दुकान आहे, त्यांच्या ओळखीने जळगाव एमआयडीसीतल्या एका मसाला कंपनीत डिझायनरच्या जागेसाठी बोलणं झालं. शेठ म्हणाले, "आधी ट्रायल म्हणून आमच्या सहा मसाल्यांची पाकिटं करून दाखव, दोन साइझमध्ये. दहा दिवसांत ओपन फाइल पाठव, मग पगाराचं बघू." पैशांचा विषयच निघाला नाही. बदल किती वेळा करायचे, पसंत पडलं की नाही ते कधी कळवणार, तेही नाही. विचारावं तर मामांची ओळख मध्ये, आणि त्यांना वाटायचं पोरगी कामाआधीच नखरे करते. काही न विचारता करून टाकू का?*
*– एक वाचक, अमळनेर*

नको. आधी एक कोरा कागद घे आणि तास मोज. शेठने तुला दिवस सांगितले, पाकिटं सांगितली, तास सांगितले नाहीत. त्यांनी मुद्दाम लपवले असं मी म्हणत नाही. डिझाइनला किती वेळ लागतो हे बहुतेक मालकांना खरोखरच माहीत नसतं. त्यांच्या डोळ्यांसमोर एक पाकीट असतं आणि बाकीची त्यावरून आपोआप निघतात असं त्यांना वाटतं.

मी तुझ्या जागी बसून मोजून पाहिलं. काळा मसाला हे मुख्य पाकीट धरलं. नाव कसं दिसेल, रंग कोणता, चित्र काढायचं की फोटो घ्यायचा, याच्या दोन-तीन दिशा करून त्यातली एक पक्की करायला आठ तास. मागची बाजू तीन तास. मग शेवभाजी, भरीत, पाटवडी असे उरलेले पाच मसाले. पुढच्या बाजूला प्रत्येकी दीड तास आणि मागचा मजकूर बदलायला अर्धा, म्हणजे दहा तास. दुसरी साइझ म्हणजे पहिलीच लहान करून बसवायची असं शेठला वाटेल, पण तुला माहीत आहे की 50 ग्रॅमच्या पाउचवर सगळं नव्याने मांडावं लागतं. निव्वळ वजनाचे आकडे किती उंच हवेत याला कायद्यात किमान माप ठरलेलं आहे, ते दाबून चालत नाही. सहा पाकिटांचे सहा तास धर. बारा फाइली छपाईसाठी तयार करायच्या, म्हणजे कडेला 3 मिलिमीटर ब्लीड, अक्षरांचे कर्व्ह, डायलाइन वेगळ्या लेयरवर, त्याला तीन तास. झाले 30. त्यावर शेठ दोन वेळा बदल सांगणार, प्रत्येक वेळी चार तास. एकूण 38.

म्हणजे रोज आठ तास बसलीस तर जवळजवळ पाच दिवस. तासाला 200 रुपये इतका साधा दर लावला तरी 7600 रुपयांचं काम. आता हा आकडा समोर ठेवून पुन्हा विचार कर, 'विचारावं की नाही' हा प्रश्न तसाच राहतो का.

आता शेठच्या बाजूने एकदा बघू, कारण ट्रायल मागण्यात मुळात गैर काही नाही. डिप्लोमा सगळ्यांकडे असतो, आणि दाखवायला आणलेली कामं कोणाची हे कसं कळणार? प्रेसवर तर एका फाइलवर चार जणांचे हात फिरलेले असतात. शिवाय पत्रिका-बॅनर करणारीला पाकीट जमेल का, ही त्यांची शंका रास्त आहे. बॅनरवर चूक झाली तर दुसरा बॅनर निघतो. पाकिटावर परवाना क्रमांकाचा एक आकडा चुकला तर सगळा रोल रद्दीत. तेव्हा तुझं काम बघायचं त्यांनी ठरवलं तर बघू दे. पण ते बघायला बारा पाकिटं लागत नाहीत, एक लागतं.

मला जास्त खटकली ती ओपन फाइल, म्हणजे कुणालाही बदलता येईल अशी मूळ फाइल. लॅमिनेटेड पाउच ग्रॅव्हिअरवर छापायचे असतील तर प्रत्येक रंगाचं वेगळं सिलिंडर कोरावं लागतं आणि सिलिंडरवाला सगळ्यात आधी ओपन फाइल मागतो. डिझाइन चांगलं आहे की नाही हे ठरवायला ती कुणालाच लागत नाही. त्यासाठी पीडीएफ पुरते, फोनवरसुद्धा दिसते. ओपन फाइल लागते छापायला, किंवा दुसऱ्याच कोणाकडून तिच्यात फेरफार करून घ्यायला. शेठने सवयीने तसं म्हटलं असेल, कारण प्रेसवाले त्यांच्याकडे नेहमी तेच मागतात. तरी ट्रायलमध्ये ओपन फाइल मागितली की काम बाजारात जाऊ शकतं, हे धरूनच चालायचं.

दुसरी खूण मुदतीत सापडते. दहाच दिवस का, हे सहज विचारून बघ. 'बाकीच्या मुलामुलींच्या ट्रायलही तोवर संपतात' असं म्हणाले तर ठीक. 'नवा स्टॉक त्या तारखेला पॅकिंगला लावायचाय' असं म्हणाले, तर ती तुझी परीक्षा उरली नाही, त्यांची ऑर्डर झाली. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघर वर्षाचा मसाला होतो, त्याआधी पाकिटं बदलून घ्यायची घाई कुठल्याही मसालेवाल्याला असणारच. घाई असू दे, पण मग तिला बिल लागतं.

आणि आणखी मुलींना ट्रायल दिली असेल तर सगळ्यांना तोच मसाला दिलाय का, हेही कानावर पडेल तर बघ. एकीला भरीत, दुसरीला शेवभाजी आणि तिसरीला पाटवडी, अशी वाटणी असेल तर तिथे माणूस निवडणं चाललेलं नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी धुळ्यात एका मिठाईवाल्याने मला दिवाळीच्या बॉक्सचं काम 'आधी करून तर दाखव' म्हणून दिलं. तीन नमुने केले, रात्री जागून. सीडीत भरून कोरलच्या फाइली नेऊन दिल्या, वर त्यांच्या घरी चहाही घेतला. "कळवतो" म्हणाले. लक्ष्मीपूजनाला शेजारच्या काकू पेढे घेऊन आल्या तर बॉक्सच्या झाकणावर माझी वेलबुट्टी. रंग तेवढा बदललेला, जांभळ्याचा लाल. मी भांडायला गेले नाही, कारण मला वाटलं आपण काहीच ठरवलं नव्हतं, मग बोलायचं कोणत्या तोंडाने? नंतर प्रेसवरच्या आमच्या बाइंडर बाबांना सांगितलं तर ते सुतळी ओढता ओढता एवढंच म्हणाले, "कितलं काम शे, ते आधी इचारानं व्हतं."

तेव्हा मला ठाऊक नव्हतं, पण कायदा माझ्या बाजूने होता, आणि तो तुझ्याही बाजूने आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राकृतीचा पहिला मालक ती करणारा असतो. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं होतं, पण तू अजून नोकरीला लागलेलीच नाहीस. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते तुझ्या सहीच्या लेखी कागदानेच देता येतात, तोंडी नाही. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षंच धरली जाते. म्हणून शेठकडून ट्रायलआधी एखादा फॉर्म सहीला आला तर 'सर्व हक्क कंपनीकडे' असं वाक्य कुठे आहे का ते शोध, आणि असेल तर त्याच्याशेजारी रक्कम लिहिल्याशिवाय सही करू नकोस.

या कायद्याची मर्यादाही माहीत असू दे. तू काढलेली मिरची तुझी, पण 'पाकिटावर मिरची मोरासारखी दाखवायची' ही कल्पना कुणालाही उचलता येते. आणि सात-आठ हजारांसाठी कोर्टात कोण जाणार? तो कायदा एका वाक्यापुरता वापरायचा, आणि ते वाक्य काम सुरू व्हायच्या आधी जायला हवं. नंतर गेलं की भांडण वाटतं.

आता विचारायचं कसं. पहिला फोन शेठना नाही, मामांना. त्यांना शेठकडून कळलं की 'तुमच्या भाचीने अटी घातल्या', तर त्यांची मान खाली जाईल आणि तुझी बाजू ऐकायची इच्छाही राहणार नाही. तू आधी सांगितलंस की 'मामा, मी नाही म्हणत नाहीये, एक पाकीट पूर्ण करून दाखवणार आहे, बाराचं मात्र पाच दिवसांचं काम होतंय', तर व्यापारी माणसाला हे लगेच कळतं. मामा स्वतः दुकानात गिऱ्हाइकाला चाखायला किती देतात? चिमूटभर देतात, किलोभर नाही.

मग शेठना फोन कर. आधी बोल, मग जे बोललात तेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठव. आधी नुसता लांब मेसेज गेला तर तो नोटिशीसारखा वाटतो, आणि नुसतं फोनवर ठेवलं तर आठ दिवसांनी दोघांच्या आठवणी वेगळ्या निघतात. मेसेज असा काहीसा जाऊ दे:

"नमस्कार शेठ. आत्ता बोलल्याप्रमाणे ट्रायल करून दाखवते. सहा मसाले दोन साइझमध्ये म्हणजे बारा पाकिटं होतात, त्याला माझे पूर्ण पाच दिवस लागतील. माझं काम बघण्यासाठी काळा मसाला 100 ग्रॅमचं एक पाकीट, पुढची आणि मागची बाजू, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पीडीएफमध्ये पाठवते. तुम्ही सांगाल ते बदल एकदा करून देते. त्यानंतर किती दिवसांत कळवाल ते सांगा. बाकीची पाकिटं हवी असली तर त्यांचं वेगळं ठरवू. हे डिझाइन छपाईला घ्यायचं झालं तर आधी मोबदला ठरवून लिहून घेऊ, ओपन फाइल तेव्हा देईन."

यात 'पैसे किती देणार' असं कुठेच विचारलेलं नाही. एका पाकिटाची ट्रायल फुकटच आहे आणि ती तू आपणहून देते आहेस. मात्र काम किती, कधीपर्यंत, बदल किती वेळा आणि उत्तर कधी, एवढं त्यात आलं. 'शुक्रवारी संध्याकाळपर्यंत' हे तू स्वतः लिहायचं, त्यांच्याकडून मागायचं नाही. त्यांनी दहा दिवस दिलेत म्हणून दहा दिवस घेतलेस तर त्या दहा दिवसांत रोज एक फोन येईल.

ते एक पाकीटही आठ आणि तीन असे अकरा तास घालून करू नकोस. ट्रायलला दोन-तीन दिशा दाखवायच्या नसतात, एकच दाखवायची. पुढच्या बाजूला चार तास, मागच्या बाजूला दोन, बदलाला एक. मी असते तर एका दिवसापेक्षा जास्त फुकट दिला नसता. घड्याळ लावून बस. चार तासांत पुढची बाजू जिथे पोचेल तिथे थांब, कारण नोकरीतही तुला इतकाच वेळ मिळणार आहे.

मागची बाजू टाळू नकोस, खरी परीक्षा तिथे आहे. सुंदर मिरची पुष्कळ जण काढतात. घटक पदार्थ, पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ वजन, किंमत, बॅच आणि तारखांची रिकामी जागा, एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक, तक्रारीसाठी फोन आणि पत्ता, हे सगळं तेवढ्याशा जागेत वाचता येईल असं बसवणारा माणूस कमी सापडतो. यातला मजकूर त्यांच्याकडूनच माग. पोषणमूल्यांचे आकडे तू मनाने भरायचे नाहीत. ते आले नाहीत तर तक्त्यात 'आकडे कंपनीकडून' असं लिहून जागा सोड. शेठच्या ऑफिसात कामाचा माणूस असेल तर त्याला तेवढ्यावरूनच कळेल की ही मुलगी पाकीट जाणते.

पीडीएफ पाठवताना रिझोल्यूशन कमी ठेव, फोनवर नीट दिसेल पण छापून फुटेल इतपत. 'नमुना' हा शब्द आडवा, फिकट, मजकुरावरून जाईल असा टाक. कोपऱ्यात टाकलास तर कापून निघतो. स्वतःकडची फाइल आणि पाठवलेला मेसेज दोन्ही तारखेसह जपून ठेव.

आता शेठ काय म्हणतील? 'ठीक आहे, एकच कर' म्हणाले तर प्रश्न मिटला. बहुतेक मालक तेच म्हणतात, कारण त्यांनी सहाचा आकडा फारसा विचार करून सांगितलेलाच नसतो.

कदाचित म्हणतील, 'एकावरून सगळी रेंज कशी दिसेल ते कसं कळणार?' हा आक्षेप खरा आहे, त्याला नखरे समजू नकोस. दुकानात सहा पाकिटं शेजारी शेजारी लागतात, ती एका घरातली वाटली पाहिजेत आणि तरी भरीत मसाला घ्यायला आलेल्या बाईने चुकून पाटवडी उचलायला नको. त्यासाठी एकाच पानावर सहा पाकिटांच्या पुढच्या बाजू अंगठ्याएवढ्या दाखव, नाव आणि रंगपट्टी बदललेली, बाकी काही नाही. दीड तासाचं काम आहे. रेंजची कल्पना त्यातून पूर्ण कळते आणि छापायला त्याचा काडीचा उपयोग नाही.

'आधी कर, मग बघू' असं म्हणाले तर वाद घालू नकोस. 'बरं, मग शुक्रवारी एक पाकीट पाठवते' म्हण आणि तेवढंच पाठव. समोरच्याने हद्द घातली नाही तर आपण घालायची, त्यासाठी त्यांची परवानगी लागत नाही.

पण 'बाकीच्या पोरी सगळं करून देतायत, तुला जमत नसेल तर राहू दे' असं आलं, तर राहू दे. ट्रायलमध्येच वेळेची किंमत नाही तिथे नोकरी लागल्यावर रविवारीही 'जरा एक बॅनर टाक' असा फोन येणार, हे मी तीन वेगवेगळ्या ऑफिसांत पाहिलंय. त्या पाच दिवसांत तू लग्नसराईच्या पत्रिका केल्यास तर हातात पैसे तरी पडतील. आणि काळ्या मसाल्याचं पाकीट करायचंच असेल तर एखादं मनाने ठेवलेलं नाव देऊन स्वतःसाठी कर आणि पुढच्या मालकाला तेच दाखव. मग ट्रायलचा प्रश्न अर्धा तिथेच सुटतो.

एक अडचण मधेच येऊ शकते. पाकीट पसंत पडेल आणि फोन येईल, 'छान झालंय, आता खिचडी मसाला पण असाच टाकून दे, अर्ध्या तासाचं काम'. कौतुकाच्या भरात माणूस इथेच हो म्हणतो. त्या वेळी एवढंच बोल, 'आवडलं ना, मग पगाराचं किंवा पाकिटामागच्या दराचं बोलून घेऊ, लगेच सुरू करते.' पैसे ठरले आणि नोकरीआधी उरलेलं काम सुटं करून द्यायचं झालं तर निम्मे आधी घे आणि ओपन फाइल पूर्ण पैसे आल्यावर दे. जळगावात प्रेसवाले आपल्याच गिऱ्हाइकांकडून असा ॲडव्हान्स घेतात, शेठना त्यात नवल वाटणार नाही.

सांगितलेल्या मुदतीत त्यांचं उत्तर आलं नाही तर एकदा आठवण कर, दुसऱ्यांदा मामांना मध्ये घालू नकोस.

आणि शुक्रवारी पाठवायच्या आधी पुढच्या बाजूची शाकाहाराची खूण पुन्हा एकदा बघ. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. एका प्रेसवर मी हळदीच्या पाकिटावर मांसाहाराची तपकिरी खूण गेलेली पाहिली आहे, जुन्या फाइलवरून उचललेली. तसं काही झालं तर शेठची नजर आधी तिथेच जाईल.